मलपृष्ठावरची ओळ

सात पुस्तकं नावावर असलेल्या बाईने खरं तर जिना जरा ऐटीत चढावा. लेखिका मात्र खोकेवाल्यांचा जिना चढताना दर मजल्याला थांबत होती. वर गेल्यावर काय ऐकावं लागणार हे तिला ठाऊक होतं आणि ते ऐकणं तिच्या जिवावर आलं होतं.

खोकेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बावीस वर्षं त्यांनी औषधांच्या खोक्यांची रचना केली, मग निवृत्त झाले, आणि घरी बसवेना म्हणून पुस्तकांची मुखपृष्ठं करू लागले. तिची सातही त्यांनीच केलेली. गडद निळा रंग, त्यात एकच उजळलेली खिडकी आणि वर तिचं टोपणनाव, दर वेळी त्याच वळणाच्या अक्षरांत, त्याच जागी. ते टोपणनावसुद्धा त्यांनीच कापून बेतून दिलं होतं. दोन छोटे शब्द, त्यात जोडाक्षर एकही नाही. हल्ली पुस्तक आधी फोनवर अंगठ्याएवढं दिसतं, तेवढ्यात जे ओळखू येत नाही ते नाहीच समजा, असं त्यांचं म्हणणं. मलपृष्ठावर सगळ्यात खाली सातही पुस्तकांवर एकच ओळ असायची: "या पुस्तकात शेवटी सगळे घरी परततात."

ती लिहायची हरवलेल्या माणसांच्या रहस्यकथा. माणूस नाहीसा होतो, शोध लागतो, शेवटच्या प्रकरणात तो दारात उभा राहतो. तिच्यामागे प्रकाशक नव्हता की जाहिरातीचा गाजावाजा नव्हता. जे काही उभं होतं ते त्या खिडकीवर. वाचक आत काय आहे ते न बघता पुस्तक घ्यायचे, कारण आत काय असणार हे त्यांना माहीत असायचं.

आठव्या पुस्तकात मात्र माणूस परतत नव्हता.

"वाचलं," खोकेवाल्यांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "तुमचं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे. पण याला मी खिडकी देणार नाही."

"का?"

"आमच्याकडे रक्तदाबाच्या गोळीचं खोकं फिकट हिरवं होतं. म्हाताऱ्या माणसांना गोळीचं नाव वाचता येत नाही, ती रंग बघून घेतात. उद्या त्याच खोक्यात दुसरं औषध घातलं, कितीही चांगलं असलं, तरी काय होईल?"

"काका, हे औषध नाही."

"तुमच्या वाचकांना विचारा."

हा वाद फोनवर दोनदा होऊन गेला होता. दुसरं नाव घ्या, वेगळं रूप करू, ऑनलाइन दुकानात लेखक म्हणून वेगळं पान उघडू, असं ते सांगत होते. दुकानाचं यंत्रही आजवर खिडकीची पुस्तकं घेणाऱ्यांनाच तुमची पुस्तकं दाखवत आलंय, ही माणसं अर्ध्यातून परतली की त्यालाही कळेनासं होईल कुणाला दाखवावं. बोलणं सगळं पटण्यासारखं होतं आणि तिला त्यातलं काहीही करायचं नव्हतं.

"नवीन नाव म्हणजे पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. "मला ओळखणारं एकही माणूस नाही, हे पुन्हा सगळं? मी थकले हो. आता नाही होणार माझ्याच्याने. मागची ओळ तेवढी काढू. मग खोटं काहीच राहत नाही."

"ओळ कोण वाचतं आता? सात पुस्तकांत ती खिडकीत मुरलीय. लोक खिडकीच वाचतात."

पण पुस्तक तिचं होतं. त्यांनी हात टेकले आणि मुखपृष्ठ करून दिलं. निळा रंग, उजळलेली खिडकी, वर नाव. मागची ओळ काढलेली.

प्रत्येक पुस्तक बाजारात येण्याआधी तीन आठवडे ती चाळीस वाचकांच्या एका गटाला ते फोनवर पाठवायची. ही तिची हक्काची माणसं. आधी वाचायची, चुका दाखवायची आणि पुस्तक आलं की पहिल्याच दिवशी चार चांगले शब्द लिहायची. या वेळी पहिले चार दिवस गटात सामसूम होती. पाचव्या दिवशी एकाने विचारलं, शेवटचं प्रकरण पाठवायचं राहिलंय का? त्याखाली सात जणांनी लिहिलं, हो, आम्हालाही तसंच वाटलं.

तिला हसावं की रडावं कळेना. आणि मग गटातल्या एका बाईंचा निरोप आला. या बाई निवृत्त परिचारिका होत्या. पहिल्या पुस्तकापासून गटात होत्या आणि दर वेळी व्याकरणाच्या दोन तरी चुका काढल्याशिवाय सोडायच्या नाहीत. या वेळी चूक एकही काढली नव्हती.

"ताई, रागावून लिहीत नाही. यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. चार तास नुसतं पडून राहायचं. दृष्टीही गेलीय, म्हणून मी वाचून दाखवते. तुमचंच वाचते, कारण पुढे काय वाढून ठेवलंय याची भीती नसते. परवा शेवटच्या प्रकरणाला आले आणि डोळ्यांनी पुढची पानं चाळली. मग पुस्तकात नव्हतं ते वाचलं. तो मुलगा संध्याकाळी दारात येतो आणि बहीण त्याला आधी रागावते, असं मीच रचून सांगितलं. यांना आवडलं. त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. पुस्तक चांगलं आहे हो. पण खिडकी बघून मी ते त्यांच्याजवळ नेलं."

लेखिकेने निरोप दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला. तिला त्या बाईंपुढे लाज वाटली. त्याहून जास्त स्वतःची वाटली. कारण आठव्या पुस्तकातला मुलगा काही रचलेला नव्हता. तिचा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी "आलोच" म्हणून घराबाहेर पडला होता. पोलीस झाले, इस्पितळं झाली, ओळखीपाळखीचे सगळे झाले. दोन वर्षांनी तिने पहिली रहस्यकथा लिहिली आणि कागदावर एकाला घरी आणलं. मग दुसऱ्याला. अशी सात माणसं तिने घरी आणली आणि आपला एक तिला आणता आला नाही. सातव्या पुस्तकानंतर आणखी एकाला घरी आणणं तिला जमेना. आठवं तिने एका दमात, खरं तसं लिहून काढलं.

आता ते बाजारात आणायचं कुठल्या तोंडाने? आणि नाही आणायचं, तर लिहिलं कशाला?

आई बाहेरच्या खोलीत कुणाशी तरी हुज्जत घालत होती. इमारतीला नवा रंग लावला होता आणि सगळ्या दारांवर एकसारख्या नव्या पाट्या लावायला सोसायटीचा माणूस आला होता. तो गेला तेव्हा दारावर जुनीच पाटी होती. वडिलांचं नाव, खाली दोन्ही मुलांची, पांढरी अक्षरं पिवळट पडलेली.

"किती वेळा भांडणार आहेस तू त्या पाटीसाठी?" लेखिका म्हणाली.

"दर वेळी. इमारत बदलली, रंग बदलला. पाटी पण बदलली तर तो ओळखणार कशावरून?"

आई खुर्चीत टेकली आणि सहज म्हणाली, "तुझ्या पुस्तकांचं मी तेच म्हणते. सात पुस्तकं काढलीस. कुठल्या तरी दुकानात त्याच्या डोळ्यांसमोरून गेलीही असतील. पण ते नाव कुणाचं हे त्याला काय माहीत? तो गेला तेव्हा तू ते घेतलं कुठे होतंस?"

आई उठून भाजी निवडायला गेली. लेखिका तिथेच बसून राहिली. नऊ वर्षं तिने खिडकीत दिवा लावून ठेवला होता, आणि तो कुणासाठी आहे हे ज्याला कळायला हवं होतं त्याला ते कधीच कळणार नव्हतं. इतकी साधी गोष्ट. तिला हुंदका आला आणि तिने तो येऊ दिला.

दुसऱ्या दिवशी तिने गटाला लिहिलं की चूक माझी आहे. हे पुस्तक या मालिकेतलं नाही, त्यावर खिडकी लावायला नको होती. दुकानातली त्याची नोंदणी मागे घेतली आहे. मालिकेचं पुढचं पुस्तक येईल तेव्हा सगळे घरी परततील. परिचारिकाबाईंना तिने वेगळं लिहिलं. तुम्ही सांगितलेला शेवट त्यांना खराच वाटू द्या.

मग ती जिना चढली. या वेळी मध्ये थांबली नाही.

"नवीन नाव शोधलंत?" खोकेवाल्यांनी विचारलं.

तिने कागद पुढे केला. त्यावर तिचं स्वतःचं नाव होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेच्या वहीवर असायचं तसं.

खोकेवाल्यांनी ते पडद्यावर मांडून पाहिलं आणि चित्र अंगठ्याएवढं केलं. नावाचा मुंगळा झाला. "ताई, हे वाचताच येत नाही. आणि वाचलं तरी या नावाला बाजारात ओळखतंय कोण?"

"एक जण ओळखतो," ती म्हणाली. "बघितलं तर."

खोकेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. पुस्तक त्यांनी वाचलं होतं, त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग त्यांनी निळा रंग काढला, खिडकी काढली, चित्र असं काही ठेवलंच नाही. पांढरट कागदावर तीन ओळींत नुसतं नाव, काठापासून काठापर्यंत. पुस्तकाचं शीर्षक त्याखाली बारीक. त्यांनी ते पुन्हा अंगठ्याएवढं केलं. नाव दिसत होतं.

"आता मागची ओळ हवी," ते म्हणाले. "हे घेणाऱ्याला आधीच कळलं पाहिजे हातात काय घेतोय ते. यात कुणी परतत नाही, असं सरळ लिहू?"

"लिहा."

संध्याकाळी तिने मुखपृष्ठाची छापील प्रत आईपुढे ठेवली. आईने नावावरून बोट फिरवलं, एकेक अक्षर तपासावं तसं, आणि मान हलवली. मग प्रत उलटी केली. मागची ओळ वाचायला तिला बराच वेळ लागला.

"हे चूक आहे."

"आई, पुस्तकात तो येत नाही. वाचकाला खोटं सांगायचं नाही मला. पुन्हा नाही."

"खोटं कोण सांगायला सांगतंय? येत नाही, हे तुला कुणी कळवलं? आला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे."

लेखिकेने फोन लावला. खोकेवाल्यांनी दुसऱ्याच रिंगला घेतला.

"काका, मागची ओळ बदलायचीय. लिहून घ्या." तिने सावकाश सांगितलं. "या पुस्तकातला एक जण अजून घरी आलेला नाही."

पलीकडे पेन्सिलीचा आवाज आला. "तेवढंच?"

"तेवढंच. आणि आमचा पत्ता घाला खाली. घराचा."