हातोडीखालचं रबर

मानोंग सेवेरिनोला, म्हणजे सेवेरिनोदादाला, आपल्या कानांचा भारी गर्व. फिलिपिन्समधल्या विगनजवळच्या एका बाजारात तीस वर्षं एकाच टपरीत बसून घड्याळं दुरुस्त केली की माणसाला असा गर्व होतोच म्हणा. पण याचा जरा जास्तच होता. "मला गजर ऐकावा लागत नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "आतला खटका पडला की मला कळतं."

खटका ऐकायच्या या सवयीची सुरुवात शेजारच्या टपरीतल्या पासिंगमुळे झाली. ती कपडे शिवते. एकदा याच्या टपरीत गजर ठणाणा वाजला आणि सुई तिच्या बोटात गेली. मग काय, तिनं बाजार डोक्यावर घेतला. तेव्हापासून सेवेरिनोनं एक युक्ती काढली. जुन्या लाल रबरी चपलेचा एक चिमटीएवढा तुकडा कापून ठेवला. गजर तपासायचा झाला की तो तुकडा घड्याळाच्या आतल्या, घंटेवर आपटणाऱ्या हातोडीला अडकवायचा, म्हणजे हातोडी जागची हलत नाही. मग मागचं बटण बाणाच्या दिशेनं फिरवत गजराचा काटा हळूहळू तासकाट्यापाशी आणायचा, आणि ठरल्या वेळेला आत 'टक्' झालं की समजायचं, काम झालं. रबर काढायचं, झाकण लावायचं. त्याच्या बापाचा नियम होता की घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात वाजवूनच द्यायचं. तो नियम केव्हा मागे पडला ते त्यालाही आठवत नव्हतं.

तेवीस डिसेंबरला सकाळी नऊच्या सुमारास बासिलिया आली. हातात तिचं घड्याळ, आणि मागे चार पावलं अंतर ठेवून तिचा नवरा क्रिस्पुलो. टोपी हातात धरून, खाली बघत.

बासिलियाचं तोंड बघूनच सेवेरिनो उठून उभा राहिला.

"वाजलं नाही, मानोंग," ती म्हणाली. "टिकटिक चालू, वेळ बरोबर, आणि गजर मात्र गप्प. डोळे उघडले तेव्हा सहा वाजून गेले होते."

नाताळाच्या आधी नऊ दिवस पहाटे चारची प्रार्थना असते. नऊच्या नऊ केल्या तर मनातलं मागणं पदरात पडतं म्हणतात. बासिलियानं सात केल्या होत्या. आज आठवी होती, ती बुडाली. तिचं मागणं काय ते सगळ्या गावाला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नावरून बापाशी भांडण होऊन तिची मुलगी होविता घर सोडून लाओआगला गेली, ती परत आली नव्हती. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

"पण कालच तर मी—" सेवेरिनो म्हणाला आणि थांबला. कालच तिनं घड्याळ आणलं होतं. गजर अडखळतो म्हणून. त्यानं आतलं जुनं, चिकट झालेलं तेल पुसलं, नवीन घातलं आणि संध्याकाळी परत दिलं.

"तुमच्या कामात खोट नाही, ते मला माहीत आहे," बासिलिया म्हणाली. "तुम्ही फक्त बघा आणि सांगा, यंत्र ठीक आहे की नाही. मग मी याच्याकडे बघते." तिनं हनुवटीनं नवऱ्याकडे दाखवलं. "तिसऱ्या दिवशी यानंच गजर बंद करायचं वरचं बटण दाबलं होतं. मला झोपू दे म्हणे. मी पकडलं म्हणून बरं. आज परत दाबलं असणार आणि मी उठायच्या आत वर काढलं असणार. लबाड आहे हा."

"मी नाही गं दाबलं," क्रिस्पुलो पुटपुटला.

"गप्प बस तू. जिभेला हाड नाही म्हणून पोर गेली आणि आता हे."

पासिंगचं मशीन थांबलं होतं. टपऱ्यांची सगळी ओळ ऐकत होती.

सेवेरिनोनं घड्याळ घेतलं. आधी मागची गजराची चावी चिमटीत धरून पाहिली. ती घट्ट होती, जरासुद्धा फिरेना. "स्प्रिंग भरलेलीच आहे," तो म्हणाला. "म्हणजे गजर सुटलाच नाही. वाजला असता तर चावी ढिली पडली असती."

"ऐकलंस?" बासिलिया नवऱ्याला म्हणाली. "वाजला आणि मी ऐकला नाही, असं म्हणत होतास ना?"

क्रिस्पुलोनं टोपी चुरगाळली. "असेल बाई. झोपेत गेला असेल हात. मला आठवत नाही, पण गेला असेल."

सेवेरिनोनं गजराचा काटा फिरवत फिरवत तासकाट्यापाशी आणला. वरचं बटण दाबलेलं नव्हतं. आत खटका पडला, 'टक्', स्वच्छ ऐकू आला. पण पुढे काही नाही. हातोडीची थरथरसुद्धा हाताला जाणवली नाही. 

त्यानं दोन्ही चाव्या उलट्या फिरवून काढल्या, काटे फिरवायची बटणं ओढून काढली, स्क्रू सोडवले आणि झाकण उचललं. या जातीच्या घड्याळात घंटा झाकणाच्या आतच बसवलेली असते, बाहेरून काही दिसत नाही. आणि तिथे, हातोडीच्या दांडीला घट्ट अडकून बसलेला, लालभडक चपलेचा तुकडा.

आई गं!

काल संध्याकाळी पासिंगनं गरम बिबिंगका आणून दिली होती, केळीच्या पानावर भाजलेली, वर खोबरं. "थंड होईल हां," ती म्हणाली होती. आणि यानं 'टक्' ऐकलं, समाधानानं मान हलवली, झाकण लावलं आणि खायला बसला. बस्स, एवढंच. एका बिबिंगकेपायी.

तोंड उघडायची हीच वेळ होती. "बासिलिया, चूक माझी," तीन शब्द. ते घशापर्यंत आलेसुद्धा. पण पासिंग बघत होती, पलीकडचा मासेवाला बघत होता, आणि तीस वर्षांत कुणी त्याच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं. त्यानं खांदा आडवा केला. एका हातानं हातोडी आवरून धरली, दुसऱ्या हातातल्या चिमट्यानं रबर ओढलं, मुठीत घेतलं आणि खणात टाकलं. लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण हात थांबला नाही.

"काही सापडलं?" बासिलियानं विचारलं.

"काही नाही. यंत्र ठणठणीत आहे."

झाकण लावून, चाव्या बसवून त्यानं गजर सोडला. घड्याळ असं खणखणीत वाजलं की पासिंगनं दोन्ही कानांवर हात ठेवले. बासिलिया नवऱ्याकडे वळून बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. क्रिस्पुलोची मान आणखी खाली गेली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "माझ्यामुळेच झालं. हेही आणि तेही."

सेवेरिनोनं काटा परत तीनवर आणला, गजराची चावी पूर्ण भरली आणि घड्याळ तिच्या हातात दिलं. मजुरी घेतली नाही. "राहू दे," म्हणाला. त्यावर ती म्हणाली, "तुम्ही देवमाणूस आहात, मानोंग." ते ऐकून त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुपारपर्यंत त्यानं एका मनगटी घड्याळाचा काटा तीनदा बसवला आणि तीनदा वाकडा बसवला. खण उघडायचा, लाल तुकडा बघायचा, बंद करायचा.

"काय झालंय तुम्हाला?" पासिंग म्हणाली. "भूत बघितल्यासारखं तोंड का?"

"तुझी बिबिंगका बाधली," तो म्हणाला. तुकडा खिशात घातला आणि टपरीला कुलूप लावलं.

बासिलियाचं घर नदीकडच्या रस्त्याला. ती चुलीपाशी चिकट तांदळाचं गोड ढवळत होती. घड्याळ फळीवर टिकटिकत होतं. तीनला काही मिनिटं कमी होती.

"क्रिस्पुलो कुठाय?" त्यानं दारातूनच विचारलं.

"गेला. बाराच्या बसनं, लाओआगला." ती ढवळायची थांबली नाही. "म्हणाला, तुझी प्रार्थना मी बुडवली, तर मागणं मीच आणून देतो. पोरीच्या पाया पडतो म्हणाला. सहा वर्षांत कधी तिचं नाव नाही काढलं त्यानं, आणि आज स्वच्छ शर्ट घालून गेला."

सेवेरिनोनं आत येऊन खिशातून रबर काढलं आणि तिच्यासमोर तळहातावर धरलं. 

"त्यानं बटण दाबलं नव्हतं," तो म्हणाला. "हे हातोडीला अडकलेलं होतं. मीच लावलं आणि काढायला विसरलो. सकाळी सापडलं तेव्हा लपवलं. तुझ्यासमोर खोटं बोललो मी, बासिलिया. भरबाजारात त्याला मान खाली घालायला लावली. काय शिव्या द्यायच्या त्या दे."

तिनं पळी बाजूला ठेवली. हात पुसले. तो तुकडा उचलून उलटासुलटा करून बघितला.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

 सेवेरिनो शिव्यांची वाट बघत उभा होता. खरं सांगायचं तर त्याला त्या हव्या होत्या.

"होविता गेली त्या रात्री यानं तिला नुसतं बोलून घेतलं होतं," बासिलिया म्हणाली. आवाज इतका खाली होता की त्याला पुढे वाकावं लागलं. "बोलला आणि झोपला. ती रागानं बाहेर पडली, पण थोड्या वेळानं परत आली होती, मानोंग. दार वाजवलं तिनं. कडी मी लावली होती. मी जागी होते. म्हटलं, जरा अद्दल घडू दे, सकाळी उघडू. सकाळी ती नव्हती." तिनं रबर मुठीत आवळलं. "याला वाटतं, आपल्या जिभेमुळे गेली. मी वाटू दिलं. सगळ्या गावाला वाटू दिलं. तुम्ही सहा तास लपवलंत, मी सहा वर्षं."

 सेवेरिनो समजूत काढायला गेला असता तर तिनं पळी मारली असती, इतपत त्याला कळत होतं.

आणि तेवढ्यात फळीवरचं घड्याळ ठणाणा वाजायला लागलं.

तीन वाजले होते. गजराच्या काट्याला पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन यांतला फरक कळत नाही. सेवेरिनोनं स्प्रिंग गच्च भरून दिली होती आणि बटण कुणी दाबलं नव्हतं. दोघंही फळीपासून दोन हातांवर उभी होती. सेवेरिनोनं सवयीनं हात उचलला आणि खाली घेतला. बासिलियानंही दाबलं नाही. घड्याळ वाजत राहिलं, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, आणि शेवटी आवाज मंदावत मंदावत हातोडी दोनदा अडखळून थांबली. नुसती टिकटिक उरली.

"उद्या सकाळच्या बसनं येतो म्हणालाय," बासिलिया म्हणाली. "ती बरोबर असो नसो. तुम्ही स्टँडवर या."

"येतो. उतरल्या उतरल्या सांगतो त्याला."

"लगेच नाही. आधी माझी पाळी. तुम्ही माझ्या मागे उभे राहा."

मग तिनं घड्याळ खाली काढलं. गजराची चावी ढिली पडली होती. ती एक एक फेरा मोजून भरायला लागली, नवव्या प्रार्थनेसाठी. आठवी तर बुडालीच होती, तरी ती भरत होती. सेवेरिनो तिथेच उभा होता. तिनं चावी भरून झाल्यावर घड्याळ त्याच्यापुढे धरलं.

"वाजवून द्या," ती म्हणाली. "माझ्या हातात."