चुकीच्या काचेवरचा टॅग

शालनच्या घरात गाड्या दोन, पण गाड्यांची कागदपत्रं बघणारी एकटी शालन. विमा कधी संपतो, पीयूसी कधी काढायची, आरसी मोबाईलमध्ये कुठे ठेवलीय, कुणी सिग्नल तोडून दंडाचं चलान घेतलंय, सगळं तिला विचारायचं. चामटोलीच्या त्या घरात सासरे हरिचंद्र, सासू मोतीबाई, थोरला मधू म्हणजे शालनचा नवरा, आणि धाकटा अल्पेश, त्याची बायको जिज्ञासा. बाप्ये सगळे गाडीत बसायच्या आणि हॉर्न वाजवायच्या कामाचे. मोतीबाई तर आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या शालनच्या मोबाईलात अख्खा आरटीओ हाय." शालनला ते ऐकून बरं वाटायचं. का वाटू नये?

त्याच मोबाईलनं तिचा घात केला.

मधूच्या गाडीचा फास्टॅग शालनच्या नंबरवर होता, अल्पेशचा त्याच्या स्वतःच्या. टोल कापला की मेसेज तिला. आणि गेले काही महिने दर गुरुवारी मेसेज यायला लागले. मधूच्या गाडीचा नंबर, नाशिक हायवेवरचा टोलनाका, कापलेली रक्कम. सकाळी जाताना एक, संध्याकाळी येताना एक. मधू अंबरनाथ एमआयडीसीत मेंटेनन्सला सुपरवायझर. गुरुवारी तो डब्यात भाजी-भाकरी घेऊन कामावर गेलेला असायचा. मग नाशिक हायवेवर कोण जातं? भूत?

आधी तिनं साधेपणानं विचारलं, "आज कुठं बाहेर गेला होतात का?" तो म्हणाला, "मी कुठं जातोय? पार्ट आणायला उल्हासनगरपर्यंत." उल्हासनगर कुठे आणि नाशिकचा रस्ता कुठे! तिनं पुढे विचारलं नाही. तिथंच चुकली. पुढच्या गुरुवारी पुन्हा मेसेज, त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. ती ते मेसेज रात्रंदिवस उघडून वाचायची, जणू वाचून वाचून त्यातून बाईचं नाव निघणार होतं. जेवण जाईना. मधू जवळ आला की अंगावर काटा यायचा. चांगला सोन्यासारखा माणूस, आणि तो असं करतो, या विचारानं तिचं काळीज जळून जायचं.

एकदा सगळे जेवायला बसलेले असताना मधू सहज म्हणाला, "भाजीला आज मीठच नाय." झालं. शालनचा तोल गेला.

"जिथं दर गुरुवारी जाता तिथं असेल की मिठाची भाजी!"

सगळ्यांचे हात थांबले. तिनं मोबाईल उघडून सासऱ्यांच्या ताटापुढे ठेवला. एकेक मेसेज वाचून दाखवला. हरिचंद्रबाबा खाली मान घालून बसले. मोतीबाईनं कपाळावर हात मारला. "काय रं मधू, घोडा झालास, लाज नाय वाटत?"

मधू पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी गेलो नाय. मशीनची काहीतरी गडबड असल. कंपनीत विचार."

"मशीनचं आणि तुमचं काय वैर आहे? आणि कंपनीत काय विचारू, तुम्ही पार्टच्या नावावर दिवसभर बाहेर!"

अल्पेश समोरच बसला होता. तो भात कालवत राहिला. जिज्ञासानं तेवढी उठून शालनच्या पाठीवर हात ठेवला.

मधूनं हात धुतले, गाडीची चावी खुंटीला अडकवली आणि शालनला म्हणाला, "तुला मेसेज खरा वाटला. मी खोटा." चार कपडे पिशवीत भरून तो अंबरनाथला मित्राच्या खोलीवर गेला. तेव्हापासून फोन केला तर "ठीक आहे" यापलीकडे शब्द नाही. गाडी अंगणात धूळ खात उभी.

आणि पुढच्या गुरुवारी शालन अंगणात कपडे वाळत घालत असताना मोबाईल वाजला. मधूच्या गाडीचा नंबर, नाशिक हायवेचा टोल, पैसे कापले.

शालननं मान वर केली. मधूची गाडी तिच्या समोर उभी होती. बॉनेटवर मांजर झोपलं होतं.

तिच्या हातातला शर्ट मातीत पडला. आधी तिला वाटलं, कुणीतरी आपला नंबर चोरून दुसऱ्या गाडीला लावलाय. व्हॉट्सअॅपवर असल्या गोष्टी किती येतात. तिनं टॅगच्या बँकेला फोन लावला. तिकडची मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "मॅडम, टोलवर टॅग स्कॅन होतो आणि तो टॅग ज्या गाडीच्या नावावर आहे तिचा नंबर मेसेजमध्ये येतो. गाडी तुमच्यासमोर आहे ना? मग काचेवरच्या स्टिकरवर जो नंबर छापलाय तो अॅपमधल्या टॅगच्या नंबराशी जुळतोय का बघा."

मांजराला हुसकून तिनं काचेला नाक लावलं. नंबर जुळत नव्हता. मुळीच नाही. शेवटचे आकडे तिनं तीनतीनदा वाचले. दुसराच टॅग होता तो.

मग तिला दसरा आठवला.

दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच शोरूममधून, एकाच मॉडेलच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या गाड्या आणल्या होत्या. शोरूमवाला टॅग चिकटवायला निघाला तर मोतीबाईनं त्याला अडवलं. पूजा व्हायच्या आधी काचेवर काही लावायचं नाही, पहिलं स्वस्तिक, मग बाकीचं. म्हणून टॅग पाकिटात घरी आले. पूजा झाली, दोन्ही गाड्यांना झेंडूचे एवढे मोठे हार घातले की नंबरप्लेटी दिसेनात. आणि मग शालनबाईंनी, घरातल्या आरटीओनं, मोठ्या तोऱ्यात दोन्ही टॅग चिकटवले. डावीकडे उभी ती मधूची, असं धरून. कुणी सांगितलं होतं डावीकडची मधूची आहे? कुणीच नाही! नंतर एकवीरेला गेले तेव्हा दोन्ही गाड्या मागोमाग, दोन्ही टॅगमधून सारखेच पैसे कापले. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

म्हणजे गुरुवारी टोल पार करते ती अल्पेशची गाडी.

अल्पेश जमिनीच्या व्यवहारात होता. गुरुवारी कर्जतच्या बाजूला प्लॉट दाखवायला जातो, असं घरात सांगायचा. कर्जत एका दिशेला, नाशिक हायवे दुसऱ्या. तरी शालननं घाई केली नाही. एकदा घाई करून तोंड पोळलं होतं. तिनं चलानचं अॅप उघडलं. चलान कॅमेरा नंबरप्लेट बघून काढतो, टॅगशी त्याला देणंघेणं नाही. अल्पेशची आरसी तिच्याकडेच होती. गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे आकडे घातले. एक चलान बाकी निघालं. जास्त वेगाचं. जागा शहापूरच्या अलीकडची, वार गुरुवार. फोटोत अल्पेशची नंबरप्लेट लख्ख दिसत होती.

संध्याकाळी अल्पेशची गाडी अंगणात आली तेव्हा शालन वाटच बघत होती. तिनं काही न बोलता त्याच्या काचेवरच्या स्टिकरचा नंबर आपल्या मोबाईलशी ताडून बघितला. तिच्या नंबरवरचाच टॅग. अल्पेशचा चेहरा उतरला, पण तो चकित झाला नाही. ते तिच्या लगेच लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

त्यानं गाडीचं दार लोटलं.

"तुमच्या टॅगमधून टोलचे पैसेच कापले जात नव्हते, भाऊजी. एवढं तुम्हाला कळलं नसेल?"

"कळलं होतं," तो खाली बघत पुटपुटला. "म्हटलं, राहू दे. जिज्ञासा माझा मोबाईल बघते."

"आणि त्या दिवशी? तुमच्या सख्ख्या भावाची अब्रू मी ताटावर मांडली, आणि तुम्ही भात खाल्लात?"

त्यानं घराकडे बघत आवाज खाली आणला. "वहिनी, पाया पडतो तुमच्या. ओरडू नका. तिला सातवा लागलाय. शहापूरच्या बाईचं मी मिटवतो. टॅग आहेत तसे राहू द्या थोडे दिवस."

शालनला वाटलं, त्याच्या एक ठेवून द्यावी. पण आतून जिज्ञासाचा आवाज आला, "आलात का? चहा टाकू?" आणि तिचा हात वर गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षानं अंबरनाथला गेली. कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटत होती. मधू बाहेर आला, तिला बघून थबकला. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. तिला रडू फुटलं. टॅगचं, हारांचं, अल्पेशचं, सगळं तिनं भडाभडा सांगितलं, मोबाईल पुढे केला. "चुकले हो मी. घरी चला."

मधूनं मोबाईलकडे बघितलंच नाही. "तेव्हाही या मोबाईलनंच सांगितलं म्हणून मी गुन्हेगार. आताही यानंच सांगितलं म्हणून सुटलो. मी सांगत होतो ते कुठं गेलं गं?"

तिनं पुढे केलेला मोबाईल मागे घेतला.

"अल्पेशला कुठं विचारलंस?"

"अंगणात. दोघंच होतो."

"मला पंगतीत विचारलंस, आईबाबांसमोर. त्याला अंगणात." त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "आई मला घोडा म्हणाली, शालन. मी तोंड वर करून त्या घरात कसा येऊ?"

"जिज्ञासाला सातवा आहे."

"मला ठाऊक आहे. म्हणून मी तुला काही कर म्हणत नाय." तो कामावरच्या मित्रांमागे चालू लागला.

घरी पोहोचेपर्यंत तिन्हीसांजा उलटून गेल्या होत्या. ताटं मांडलेली. जिज्ञासानं आग्रहानं तिला बसवलं, स्वतः अवघडत वाकून वाढलं. "ताई, एक बोलू? दादांना माफ करा. पुरुषांचं होतं कधी कधी वाकडं पाऊल. सगळेच काही आमच्या ह्यांच्यासारखे सरळ नसतात."

अल्पेशनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

शालननं पहिलाच घास ताटात परत ठेवला. तिला त्या पोरीची कीव आली, पोटातल्या बाळाची आली. पण अंबरनाथला कुणाच्या तरी खोलीवर एक माणूस न केलेल्या पापाचं ओझं घेऊन जेवत असेल, त्याची कीव कुणी करायची? तिनं मान वर केली.

"बाबा, आई, ऐका. मी त्या दिवशी चुकीचं बोलले. मधू कुठंही जात नव्हते. चूक माझी आहे. दसऱ्याला गाड्यांना टॅग लावताना मी अदलाबदल केली. ह्यांच्या गाडीचा टॅग दुसऱ्या गाडीला लागला. ते मेसेज ह्यांच्या गाडीचे नव्हतेच. मी माझ्या नवऱ्यावर फुकट आळ घेतला."

"असं हाय होय!" मोतीबाईचे डोळे भरून आले. "माझ्या लेकराला मी काय काय बोलले गं! उद्याच्या उद्या घेऊन ये त्याला."

हरिचंद्रबाबा मात्र धाकट्या लेकाकडे बघत होते.

जिज्ञासाच्या हातात भाताची पळी तशीच होती. घरात गाड्या दोनच. हिशेब करायला तिला फार वेळ लागला नाही. तिनं पळी पातेल्यात ठेवली, अल्पेशकडे वळली आणि अगदी हळू विचारलं, "मग गुरुवारी तिकडे कोण जात होतं?"

त्या रात्री त्या घरात कुणी जेवलं नाही.