बेस्ट, नंबर वन आणि संधिवात

मन्मथप्पांच्या घोंगडीला ऑनलाइन बाजारानं पहिल्यांदा नाकारलं, तेव्हा त्यांना राग आला. दुसऱ्यांदा नाकारलं तेव्हा गंमत वाटली. त्यानंतर मात्र ते नकाराची वाट पाहू लागले.

केजच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. घोंगड्या त्यांच्या नव्हेतच, सुग्रीव धनगराच्या. सुग्रीवची बायको साखराबाई लोकर कातायची आणि सुग्रीव घरच्या मागावर विणायचा. पानिपतचं गुलगुलीत ब्लँकेट आठवडी बाजारात आलं आणि घोंगडी घेणारे उरले ते देवाला वाहणारेच. सुग्रीवकडं जीएसटी नंबर नव्हता, अप्पांकडं होता. म्हणून सगळी थप्पी दुकानात येऊन बसली. दिवाळी झाली की सुग्रीव मेंढरं घेऊन खाली गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, उतरणार. त्याआधी माल हलला तर ठीक, नाहीतर थंडी निघून जाणार आणि घोंगड्यांना कसर लागणार.

खातं उघडून दिलं रुद्राणीनं, पुण्याहून, फोनवरूनच. ती अप्पांची एकुलती एक लेक. ईमेल तिचाच टाकला, कारण अप्पांकडं ईमेल नव्हता. मजकूर मात्र अप्पांनी स्वतः, मॅट्रिकच्या इंग्रजीत लिहिला. भारतातील बेस्ट घोंगडी. नंबर वन. पाठदुखी, संधिवात आणि ब्लडप्रेशरवर गुणकारी. विंचू जवळ येत नाही. आयुष्यभराची गॅरंटी. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून ते गिऱ्हाइकाला हेच सांगत आले होते आणि गिऱ्हाईकही हे ऐकूनच कापड घेत आलं होतं. दोघांपैकी कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता, पण बोलल्याशिवाय कापड फाडायचं कसं?

नकाराचा मेल रुद्राणीकडं गेला. तिनं फोन केला आणि वाचून दाखवला. शीर्षकात बेस्ट आणि नंबर वन चालत नाही. आजार बरा होतो असं लिहायचं नाही. गॅरंटी लिहायची तर तिच्या अटी द्याव्या लागतात.

"आणि विंचू?" अप्पांनी विचारलं.

"विंचवाचा पुरावा मागितलाय, अप्पा."

मग ती हसली. मागून तिच्या पोराचं रडणं आलं, नळ वाहिल्याचा आवाज आला, कुणीतरी चार्जर कुठाय म्हणून विचारलं. अप्पा एकेका शब्दासाठी भांडले. फोन बराच वेळ चालला.

हे नवीनच होतं. बायको, शिवगंगाबाई, होत्या तोवर लेकीशी बोलायचं खातं त्यांच्याकडं होतं. शिवाय त्यांचा एक कायदा होता: दिल्या घरी बापानं कामाशिवाय फोन करायचा नाही, लेकीला बोल लागतो. बाई गेल्या, कायदा राहिला. रुद्राणी रविवारी फोन करायची. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली. ठेवू का? ठेव. एवढ्यात आटपायचं. मग अप्पा घरातले दिवे घालवत फिरायचे; एकच लावलेला असायचा, तरी फिरायचे.

अप्पांनी बेस्ट काढलं, नंबर वन काढलं, संधिवात काढला आणि पुन्हा पाठवलं. पुन्हा नकार. मजकूर साफ होता, पण फोटोत घोंगडीवर 'बेस्ट क्वालिटी'चा सोनेरी स्टिकर होता; फोटोवर असली अक्षरं चालत नाहीत. पुन्हा फोन. ह्या वेळी रुद्राणीनं सासूबाईंच्या गुडघ्याचं सांगितलं, नव्या घराच्या परड्यातल्या कढीपत्त्याचं सांगितलं. तिसऱ्या खेपेला अडलं 'हंड्रेड पर्सेंट शुद्ध'पाशी. शुद्ध म्हणायचं तर तपासणीचा कागद जोडा, नाहीतर साध्या रकान्यात 'मेंढीची लोकर' एवढंच भरा.

सुग्रीवला हे कळलं तेव्हा तो विचारात पडला. म्हणाला, "तहशीलीत मेंढीच्या जातीचा दाखला मिळतो का, अप्पा? सेतूवाला वळखीचा हाय."

अप्पांनी शुद्ध काढलं. आता खरं म्हणजे मजकुरात नाकारण्यासारखं काही उरलं नव्हतं. बटण दाबायचं तेवढं बाकी. अप्पांनी मोबाईल खाली ठेवला, चहा केला, एकट्यानं प्याला. मग पुन्हा मोबाईल घेतला आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही असा शोधशब्दांचा जो रकाना असतो, त्यात हळूच 'संधिवात' टाकला. आणि मजकूर पाठवून दिला.

नकार ठरल्याप्रमाणे आला. फोनही आला. पण रुद्राणीचा आवाज वेगळा होता.

"अप्पा, शोधशब्दांत संधिवात कुठून आला?"

"राहून गेला असंल."

"तिथं आधी नव्हता तो. हे बघा, ह्या वेळी ताकीद दिलीय. पुन्हा आजाराचं नाव आलं तर नवीन माल टाकायचाच बंद होईल. त्या सुग्रीवकाकांचं काय करायचं मग?"

 तिला घाई होती. नकाराचा फोन पहिल्यांदाच लवकर संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुग्रीवला दुकानात बोलावून घेतलं आणि गादीवर बसवलं. म्हणाले, तू सांग, मी लिहितो. फक्त कौतुक करायचं नाही.

"मी कवा केलं?" सुग्रीव म्हणाला. आणि ते खरं होतं. धनगर आपल्या घोंगडीची तारीफ स्वतःच्या तोंडानं करत नाही, नजर लागते म्हणतात. तारीफ दुकानदारानं करायची. इतकी वर्षं हे काम अप्पांकडं होतं.

"काळी हाय. रंग दिलेला न्हाई, मेंढरूच काळं. चिंचोक्याची खळ दिलीया, म्हून कडक हाय. नवी हाय तवर वास येतो. आन टोचती."

"टोचती लिहू?"

"टोचतीच की. कावून लपवायचं? उघड्या अंगावर घिऊ नका म्हणावं. साबणात भिजवू नका, उन्हात टाका, झटका."

अप्पांनी लांबीरुंदी टाकली, वजन टाकलं, हातमागावर विणलेली टाकलं, टोचते हेही टाकलं. लपलेला रकाना दोनदा तपासला. त्यात फक्त घोंगडी, लोकर आणि काळी एवढेच शब्द होते. मग सगळं वाचून दाखवलं.

सुग्रीवनं कान देऊन ऐकलं. "खोटं कायबी न्हाई ह्यात," तो म्हणाला, "पर घ्यावी वाटंना."

तरीही मंजूर झाली. मेल रुद्राणीकडं गेला आणि तिच्याकडून अप्पांच्या मोबाईलवर एक पिवळा अंगठा आला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. अप्पांनी सुग्रीवला सांगितलं, लागली. सुग्रीवनं देवाचं नाव घेतलं आणि आता कुणीतरी घेईलच अशा भरवशानं घरी गेला.

अप्पा दुकानात बसून राहिले. अंगठा उघडून पाहिला. मोठा करून पाहिला. रविवार लांब होता. समोरच्या जीपवाल्यानं आष्टीचं भाडं ओरडून ओरडून गाडी भरली आणि नेली. रस्ता रिकामा झाला. मग अप्पांनी शिवगंगाबाईंच्या फोटोकडं न बघता लेकीचा नंबर लावला.

"काय अप्पा? पुन्हा रिजेक्ट झाली?"

"न्हाई न्हाई. चालू हाय ती."

"मग पैशाचं काही?"

"न्हाई."

"मग?"

अप्पांकडं काम नव्हतं. त्यांनी शोधून पाहिलं. जीएसटीचं काही विचारावं असं मनात आलं, पण तेही भरून झालेलं होतं.

"करमत न्हाई, रुद्राणी," ते म्हणाले.

 बापाकडून असलं वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"अप्पा, मी कणीक मळायला घेतलीय," ती म्हणाली. "स्पीकर लावते. तुम्ही ठेवू नका फोन."

काहीतरी टेकवल्याचा आवाज झाला. मग परातीची खडखड, बांगड्या, कुकरची पहिली शिट्टी. ती कुणाशीतरी पलीकडं बोलत होती, अप्पा आहेत फोनवर, हळू. दुकान बंद करायची वेळ टळून गेली होती. अप्पा फोन कानाशी धरून गादीवर बसले होते.