एकट्याला जमतं ते

लग्नाला सात महिने झाले होते. नंदू चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सुपरवायझर, क्षमा जवळच्याच बालवाडीत शिकवणारी. दोघांचं झकास पटायचं. तो भाजी चिरायचा, ती त्याला मुलांच्या नकला करून दाखवायची. पण जवळ आले की नंदूचं शरीर ऐनवेळी दगा द्यायचं. ताठरता यायची, आणि 'आता टिकेल ना?' असं मनात आलं रे आलं की ओसरायची. क्षमा म्हणायची, "राहू दे रे." तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

मित्राकडून, हर्षदकडून, मागून घेतलेली ताठरतेची एक गोळीही त्याने गिळून पाहिली. डोकं ठणकलं, चेहरा तापला, बाकी काही नाही.

शेवटी क्षमानेच बोरिवलीच्या डॉक्टर श्यामकांत यांची वेळ घेतली. "माझ्यासाठी चल," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टर साठीचे, सावकाश बोलणारे. त्या गोळीचं ऐकून घेतलं, बीपी पाहिलं, शुगरची तपासणी लिहून दिली, आणि मग सहज विचारलं, "सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते?"

नंदूने क्षमाकडे पाहिलं. हे तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"असते."

"आणि हस्तमैथुन करताना, एकटे असताना?"

"तेव्हा... नीट असते. पूर्ण वेळ."

क्षमा उठली आणि बाहेर गेली. नंदू मागोमाग धावला. ती जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती, डोळे भरलेले.

"एकट्याला जमतं आणि माझ्यासमोर नाही," ती म्हणाली. "मग दोष कोणाचा, सांग ना. माझाच."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"मला खरंच माहीत नाही. म्हणूनच लपवलं. तुला हेच वाटेल अशी भीती होती." त्याने तिचा हात धरला. "चल ना आत. त्यांनाच विचारू, दोघांनी."

ती आली, पण खुर्ची थोडी दूर सरकवून बसली. डॉक्टरांनी तिच्याकडेच पाहून बोलायला सुरुवात केली.

"ही बातमी चांगली आहे हो. सकाळी होतं, एकट्याला होतं, म्हणजे रक्त नीट पोहोचतंय, नसाही काम करतायत. बिघाड शरीरात असता तर बहुतेक वेळा तो एकटं असतानाही दिसला असता. गडबड भीतीची आहे. माणूस घाबरला की शरीर पळायच्या तयारीला लागतं, आणि रक्त तिकडे थांबत नाही. गोळीसुद्धा मनाच्या या भीतीपुढे अनेकदा हरते. मन मोकळं असेल तरच तिला काम करता येतं. यात तुमचा काही दोष नाही. आवड नसेल तरी कधीकधी असं होतं, म्हणून विचारतो. नंदू, बायको आवडते?"

"खूप," नंदू म्हणाला. कान लाल झाले होते. "म्हणूनच तर वाट लागते."

"तिच्याजवळ असताना डोक्यात काय चालतं?"

"परीक्षा. पहिल्याच दिवशी जमलं नाही, ही काहीच बोलली नाही. मला वाटलं, निराश झाली. मग दरवेळी तेच."

क्षमाने मान वर केली. "मी घाबरले होते रे. काय बोलायचं ते कळेना. मला वाटलं, मी तुला आवडलेच नाही."

ती इतक्या साधेपणाने हे म्हणाली, की नंदूला हसावं की रडावं कळेना. तिने खुर्ची परत जवळ ओढली.

डॉक्टरांनी घरी करायचा उपाय सांगितला: तीन आठवडे संभोग बंद. एकमेकांना हात लावायचा, कुठे बरं वाटतं ते बोलायचं, आणि ताठरता आली तरी तिचं काही करायचं नाही. गेली तर जाऊ द्यायची. "ती परत येते, हेच शिकायचंय. आठवड्याने भेटा."

पहिल्या दिवशी दोघंही अवघडून बसले. घरात नंदूची आई, जानकीबाईही असायच्या; त्या सुट्टीच्या दिवशी दुपारी कुर्ल्याला बहिणीकडे जायच्या, ती वेळ त्यांनी ठरवली होती. नंदूला आधी गुदगुल्याच व्हायला लागल्या. क्षमा वर्गात मुलांना सांगते त्या सुरात म्हणाली, "शांत बसा," आणि मग दोघंही हसत सुटले. पुढच्या आठवड्यात ताठरता आली, गेली, परत आली. नंदूने आपोआप घाबरून तिच्याकडे पाहिलं.

"गेली तर जाऊ दे," क्षमा त्याच्या केसांत बोटं फिरवत म्हणाली. "मला काही घाई नाहीये."

बंदीचे तीन आठवडे संपले तरी त्यांनी लगेच प्रयत्न केला नाही. पाचव्या आठवड्यात एका रविवारी दुपारी ते आपसूक जमलं. मध्येच एकदा शंका आली, नंदूने ती चक्क बोलून दाखवली, क्षमा म्हणाली "बरं," आणि शंका विरून गेली. नंतर एकदा जमलं नाहीच. तेव्हा तो भिंतीकडे वळला नाही. चहा टाकायला उठला, आणि क्षमाने आल्याचा तुकडा ठेचून दिला.