वहीतली हिरवी लुगडी

नव्या पेठेतल्या चनमल्लप्पांना तीन भाषा येत होत्या. कानडी घरची, मराठी गिऱ्हाइकांची आणि तेलुगू येते असं ते स्वतः सांगत. सोलापुरात हातमागावर बसणारी निम्मी माणसं तेलुगू बोलणारी, त्यामुळे कापडाच्या व्यापाऱ्याला ते फार उपयोगी पडतं, असं त्यांचं म्हणणं. तेलुगू अक्षरं कानडीसारखीच वळणदार असतात, म्हणून ती त्यांना वाचताही येत. वाचलेलं कळतं का, हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीसाठी त्यांनी मोठा घाट घातला. हँडबिलं छापली आणि ती करकंबच्या बाजारापासून पंढरपुरापर्यंत वाटली. ‘लाल काठाचं हिरवं लुगडं वसुबारसेपासून सवलतीच्या दरात, हा कागद आणणारीस खण मोफत.’ भाऊबीजेला बहिणीला हिरवं लुगडं घ्यायचं हे घरोघरी ठरलेलंच असतं. नेमकं त्यावर बोट ठेवलं म्हणून चनमल्लप्पा स्वतःवर खूश होते. समोरच्या दुकानातले आबासाहेब दारात उभे राहून ते हँडबिल दोनदा वाचताना दिसले, तेव्हा तर फारच.

वसुबारसेला तीन दिवस उरले असताना त्यांनी माल मोजायला काढला. दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून घेतला. कामाला मुनीम चिंतामणी होते. घरची मदत म्हणून पत्नी नीलव्वा आल्या होत्या. चिंतामणींची मोजणीची पद्धत पक्की होती. मालवही बंद करून गादीखाली ठेवायची, कारण वहीतला आकडा डोळ्यांपुढे असला की हात तोच आकडा मोजतो. नीलव्वा एकेक फळी मोजून मोठ्यानं सांगणार, चिंतामणी कोऱ्या कागदावर लिहिणार. मोजलेल्या फळीवर खडूची फुली, म्हणजे तीच फळी पुन्हा मोजली जायची नाही. सगळं झालं की मगच वही उघडायची.

वही उघडली. खण बरोबर, धोतरजोड्या बरोबर. लाल काठाच्या हिरव्या लुगड्यांशी चिंतामणींचं बोट थांबलं.

“अप्पा, वहीत हिरवी एकशे चार आहेत. फळीवर चव्वेचाळीस.”

“परत मोजा.”

परत मोजली. चव्वेचाळीसच.

चनमल्लप्पांच्या कपाळावर घाम आला. हँडबिलं गावोगाव गेली होती. चव्वेचाळीस लुगडी धनत्रयोदशीलाच संपली असती, आणि मग कागद हातात घेऊन आलेल्या बायांनी दुकानासमोर काय केलं असतं, याचं चित्र त्यांना स्पष्ट दिसलं. पहिला संशय चोरीचा. दुसरा, आणि तो त्यांनी उघड बोलून दाखवला, नीलव्वांच्या माहेरच्यांचा.

“श्रावणात तुझी वहिनी आलती की. लुगडी बघायला नेली हुती तिनं.”

“नेली हुती, आन् परतबी दिली,” नीलव्वा म्हणाल्या. “माझ्या वहिनीला साठ लुगडी नेसायला किती अंग लागंल, ते तुमीच सांगा.”

चिंतामणींनी जांगड वही काढली. पसंतीसाठी गिऱ्हाइकाच्या घरी पाठवलेला माल त्यात लिहिला जाई. गेलेली सगळी लुगडी परत आली होती किंवा विकली गेली होती, सगळ्यांपुढे तशी खूण होती. मग त्यांनी विक्रीच्या चिठ्ठ्या वहीतल्या जावकेशी ताडून पाहिल्या. तिथंही काही सापडलं नाही. चनमल्लप्पा गादीवर हताश बसले. चिंतामणींनी मात्र एक वेगळीच गोष्ट केली. त्यांनी सगळ्या रंगांच्या लुगड्यांची बेरीज केली, एकदा वहीतली, एकदा फळीवरची.

“अप्पा, एकूण लुगडी तंतोतंत जुळतात. एकही कमी नाही.”

“मग हिरवी साठ कुटं गेली?”

“कुठंच गेली नाहीत. पिवळी बघा. वहीत अठरा, फळीवर अठ्ठ्याहत्तर. साठ कमी आणि साठच जास्त. चोर इतका हिशेबी नसतो. साठ पिवळी लुगडी आली, ती वहीत हिरव्याच्या खात्यात पडली.”

आता आवकेचं पान चाळायचं राहिलं होतं. भाद्रपदात साठ हिरव्यांची एक आवक होती. अक्षर चिंतामणींचं नव्हतं. चिंतामणी तेव्हा श्राद्धासाठी गावी गेले होते. माल विणकर नरसय्याकडून आला होता, त्याची तेलुगू चिठ्ठी तारेत टोचलेली सापडली. चनमल्लप्पांनी ती वाचली.

“हे बघा, पच्च लिवलंय. पच्च म्हंजे हिरवं. आमच्या कानडीत पाचूला पच्चेच म्हनत्यात.”

“गठ्ठा उघडून बघितला होता?” नीलव्वांनी विचारलं.

गठ्ठा कुणी उघडला होता, ते चनमल्लप्पांना आठवेना. चिठ्ठी त्यांनी वाचली होती, नोंद त्यांनी केली होती, आणि गठ्ठा नंतर गड्यानं फोडून लुगडी रंगाप्रमाणं फळीवर लावली होती. गड्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याचं चुकलं नव्हतं.

ते तडक नरसय्याकडे गेले. नरसय्या मागावर बसला होता. चिठ्ठी पाहून त्यानं शांतपणे सांगितलं, “पच्च म्हंजे हळदीवानी, शेठ. हिरवं पाहिजे तर आकुपच्च. आकु म्हंजे पान.”

“मग पच्चला हिरवंबी म्हनत्यात की न्हाय?”

“म्हनतात की. कुनी कुनी,” नरसय्या म्हणाला. “आमच्या घरी हळदच.”

साठ हिरवी तीन दिवसांत विणून दे, असं चनमल्लप्पांनी म्हणून पाहिलं. नरसय्यानं त्यांना सूत रंगवणं, खळ लावणं, ताणा जोडणं असं एकेक काम बोटांवर मोजून दाखवलं. विणायला सुरुवात होईपर्यंतच दिवाळी उलटून जात होती.

हिरवी लुगडी आता एकाच ठिकाणी होती, समोर आबासाहेबांकडे. त्यांनीही भाऊबीजेसाठी माल भरला होता. पण आबासाहेबांपुढे जाऊन हात पसरायचा म्हणजे वर्षभर पेठेत तोंड लपवावं लागणार. संध्याकाळी जेवताना चनमल्लप्पांनी भाकरी नुसती चिवडली.

“वही दुरुस्त केली का?” नीलव्वांनी विचारलं.

“उद्या सकाळी करतो म्हनाले चिंतोपंत.”

“आबासाहेब रोज पान खायला येतात तुमच्याकडं. त्यांना चोरून वही वाचायची खोड हाय.”

चनमल्लप्पांनी बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिंतामणींना दुरुस्ती थांबवायला सांगितली. चव्वेचाळीस हिरवी लुगडी आतल्या कपाटात गेली. बारा पिवळी तेवढी दर्शनी फळीवर लागली, बाकीची मागच्या खोलीत. मालवही लुगड्यांच्या पानावर उघडी राहिली, अशा बेतानं की पानाच्या तबकाशी बसणाऱ्याला ती सरळ दिसावी.

आबासाहेब आले, बसले, आणि सुपारी कातरता कातरता त्यांची नजर वहीवर गेली. चनमल्लप्पांनी त्यांना पुरेसा वेळ मिळावा म्हणून मुद्दाम पाठ फिरवून एका खणाची घडी घातली. ती दोनदा घातली.

“पिवळी फुडं मांडलीत,” आबासाहेब म्हणाले.

“लई मागनी हाय. पण माल कुटं हाय? वहीत बघा, अठरा.”

“आन् हिरवी?”

“वहीत एकशे चार,” चनमल्लप्पा म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं, त्यामुळे त्यांची जीभ अडखळली नाही.

आबासाहेबांनी पान लावलं. “माझ्याकडं हिरवी जास्त झालीत. पिवळं न्हाय. तुमचा नरसय्या पिवळं देतो म्हनं. मला साठ मिळाली तर हिरवी साठ देतो. दर सारखाच हाय.”

चनमल्लप्पांना उडी मारावीशी वाटली, पण चेहरा त्यांनी गहू निवडणाऱ्या बाईसारखा ठेवला. त्यांनी आढेवेढे घेतले. पिवळी आणायची तर नरसय्याच्या हातापाया पडावं लागेल, असं सुचवलं. शेवटी ‘शेजारधर्म म्हणून’ ते तयार झाले आणि वर तीन खण मागून घेतले. दुपारी त्यांच्या गड्यानं साठ पिवळी लुगडी मागच्या दारानं बाहेर काढली, गल्लीला वळसा घातला आणि विणकरवाड्याच्या बाजूनं आबासाहेबांकडे पोचवली. तिकडून हिरवी आली. या वेळी चनमल्लप्पांनी गठ्ठे स्वतः फोडले आणि प्रत्येक लुगड्याची घडी उलगडून रंग पाहिला.

चिंतामणींनी वही पुढे ओढली, लेखणी शाईत बुडवली आणि मग ती तशीच हातात धरून बसले.

“काय झालं?”

“काय लिहू? हिरवी फळीवर आता एकशे चार. वहीतही एकशे चार. पिवळी अठरा. वहीतही अठरा.”

चनमल्लप्पा पुढे झुकले. खरंच तसं होतं. भाद्रपदातली चूक आणि आजची अदलाबदल यांनी एकमेकांना खाऊन टाकलं होतं.

“मग काईच लिवू नका,” ते म्हणाले. “वही बरोबरच हुती. माल जरा उशिरा आला.”

“तसं चालायचं नाही,” चिंतामणी म्हणाले. “नरसय्याच्या खात्यावर आपण हिरवी घेतल्याचं लिहिलंय, त्यानं दिलीत पिवळी. पुढच्या हंगामाला हेच पान बघून तुम्ही मागणी घालाल. आणि आबासाहेबांशी उद्या वाद झाला तर त्यांच्या वहीत व्यवहार असेल, आपल्या नाही.”

मग त्यांनी चार ओळी लिहिल्या. जुना आकडा खोडला नाही, तो तसाच राहू दिला. आजच्या तारखेला हिरव्यातून साठ जावक, पिवळ्यात साठ आवक, शेरा ‘भाद्रपदातली चुकीची नोंद दुरुस्त’. त्याखाली आबासाहेबांकडून हिरवी साठ आवक, पिवळी साठ जावक, शेरा ‘अदलाबदल’. शेवटची शिल्लक पूर्वीइतकीच आली. इतकी शाई खर्च करून आकडा जागचा हलला नाही, हे चनमल्लप्पांना जरा लागलं.

वसुबारसेला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी शेवटचं हिरवं लुगडं करकंबच्या दगडाबाईनं नेलं आणि खणासाठी हँडबिल दाखवलं. ते तिनं पिठाच्या डब्यात जपून ठेवलं होतं. चनमल्लप्पा पेठेतून मिशीला पीळ देत फिरू लागले. समोरच्या दुकानात पिवळं लुगडं एकही विकलं गेलेलं दिसत नव्हतं. आबासाहेब मात्र रोज तितक्याच आनंदानं पान खायला येत होते, आणि हे चनमल्लप्पांना खुपू लागलं.

महिन्याभरात चंपाषष्ठी आली. सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबाची यात्रा. चनमल्लप्पा नीलव्वांना घेऊन तिथं गेले. भंडारा उधळला जात होता. देवळासमोर एका मोठ्या घराण्याचा नवस फिटत होता, आणि त्या घरच्या साऱ्या लेकीसुना ओळीनं उभ्या होत्या, लाल काठाच्या पिवळ्या लुगड्यांत. चनमल्लप्पांनी काठ ओळखला. आपल्याच फळीवरचा.

बाजूला आबासाहेब उभे होते, कपाळभर भंडारा लावून.

“गनपतीपासनं मागनी हुती या घरची,” ते म्हणाले. “सूट न्हाय, सवलत न्हाय, पुऱ्या दरानं. पिवळी कुटनं आनावी, या इचारात हुतो. तवर नरसय्या तुमची पच्चची गोष्ट सांगून गेला. मला बी इनून देतो की तो.”

“म्हंजे पान खायला आलात, तवा ठाऊक हुतं?”

“व्हय. तुमी त्या खणाची दोनदा घडी घातलीत, तवा हसू आवरंना. सुपारी तोंडात कोंबली.”

चनमल्लप्पांनी ओळीतल्या लुगड्यांवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी विचारलं, “मग तीन खण कशापायी दिलेत?”

“लई मन लावून नाटक केलंत,” आबासाहेब म्हणाले. “फुकट कसं बघायचं?”

नीलव्वांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या, आणि थोड्या वेळानं चनमल्लप्पांनाही हसू आलं, आधी नाकातून, मग पोटातून. तिघांनी मिळून भरीत-भाकरीचा प्रसाद घेतला, आणि आबासाहेबांच्याच बैलगाडीतून गावात परतले. वाटेत पुढच्या दिवाळीला कुणी कोणता रंग भरायचा यावर दोघं भांडत होते.