आधी साफसफाई

मुलुंडच्या वेब डिझायनर गार्गीने घाटकोपरचे भांड्यांचे दुकानदार शरच्चंद्र सामंत यांना पत्र लिहिलं. "काका, तुमच्या साइटचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये प्रत्येकाने जुने नियम न काढता वर नवे चढवलेत. आधी ते साफ करू द्या. त्याशिवाय मी नवं डिझाइन करणार नाही."

सामंतांचा फोन आला. "दुसरा एक डिझायनर आठवड्यात सगळं करून देतोय."

"मग द्या त्याला."

सामंतांनी तिला दुकानात बोलावलं. गार्गीने साइटच्या प्रतीवर फक्त काळी पार्श्वभूमी पांढरी केली. पहिलं पान झकास दिसलं. पातेल्यांच्या पानावर मात्र जुन्या नियमामुळे किमती पांढऱ्याच राहिल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"साफसफाईला किती दिवस?"

"दहा. कमी होणार नाहीत."

"कर सुरू," सामंत म्हणाले.