कोकिळाची जेवणाची सुटी

मलकापूर स्टेशनाजवळच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कोकिळा कापूस यंत्रात लोटायचं काम करत असे. तिथं साठ-सत्तर बाया होत्या. सन एकोणचाळीसच्या पौषात कारखाने तपासणारे साहेब नागपूरहून आले, तेव्हा सगळ्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. कोकिळा मात्र बोलली.

"सायेब, आमच्या प्याच्या पान्याच्या टाकीवर झाकण नाही. रुईचे पुंजके तरंगते पाण्यात. तीन बाया जुलाबानं घरी पडल्या."

साहेबांनी टाकी पाहिली आणि कारभाऱ्याला ती साफ करून झाकण बसवायला सांगितलं. आठ दिवसांत झाकण बसलंही. बाया खूश झाल्या. 

झाकण बसल्याच्या तिसऱ्या दिवशी मुकादम हिंमतरावानं कोकिळाला यंत्रावरून काढून बाहेर सरकीच्या ढिगावर टाकलं. कामं बदलतच असतात, म्हणून ती गेली. मग एके दिवशी बाराचा भोंगा झाला, जेवायला बाया उठल्या, आणि मुकादम म्हणाला, "तू दोनले जाय. सरकी भरून ठेवनं आहे."

कोकिळाची मुलगी दहा महिन्यांची. सासू, मंजुळाबाई, रोज बाराला तिला फाटकावर घेऊन येई. कोकिळा तिला तिथंच कडुनिंबाखाली पाजायची. त्या दिवशी म्हातारी दोन तास फाटकावर बसली आणि रडून रडून लेकरू तिच्या खांद्यावर झोपून गेलं.

"काऊन एवढा येळ?" मंजुळाबाईनं विचारलं.

"काम होतं, आत्याबाई," एवढंच कोकिळा म्हणाली. दुधानं भिजलेला पदर तिनं गुंडाळून घेतला.

पुढच्या दहा दिवसांत हे तीनदा झालं. मध्येच एकदा आठवड्याची सुटी बाजाराच्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी ठेवली होती, ते बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. कोकिळाला कुणी सांगितलं नाही. ती भल्या सकाळी जिनावर गेली तर फाटक बंद. शालूबाई, जी चार वर्षं तिच्या शेजारी बसून भाकर खायची, आता दुसऱ्या टोकाला जाऊन बसू लागली.

संध्याकाळी कोकिळा चुलीपुढं बसली होती. नवरा पुंजाजी मळ्यातल्या मेथीच्या जुड्या बांधत होता. ती म्हणाली, "मलेच भास होऊन राह्यला का हो? मुकादम शिव्या देत नाही, हात उगारत नाही. पन काहीतरी होऊन राह्यलं."

पुंजाजीनं हातातली जुडी खाली ठेवली. तो चौथीपर्यंत शिकलेला, बोलायला सावकाश.

"सांग मले. काय काय झालं, कवा झालं?"

तिनं सांगायला सुरुवात केली, पण दिवस एकमेकांत मिसळत होते. सुटी आधी की सरकी आधी? मुकादम त्या दिवशी नेमकं काय बोलला? पुंजाजीनं एक कोरी वही काढली.

"आजपासून रोज सांगायचं. मी लिहीन."

पहिल्या रात्रीच त्यानं लिहिलं, 'हिंमतराव माझ्या बायकोचा छळ करतो.' वाचून दाखवलं तर कोकिळा हसली. पहिल्यांदाच हसली होती त्या आठवड्यात.

"असं नोका लिहू. छळ कोन पाह्यला? तुमी पाह्यला का? जे झालं ते लिहा. बाराचा भोंगा झाला, बाकीच्या गेल्या, मले दोनले सोडलं. एवढंच."

पुंजाजीनं ती ओळ खोडली. मग तारीख घातली, भोंग्याची वेळ घातली, मुकादमाचे शब्द जसे तिनं सांगितले तसे घातले. तिथं कोण होतं तेही. आणि कोकिळानंच सुचवलं, दुसऱ्या कुणाला दोनला सोडलं का, तेही लिहायचं. लिहिता लिहिता दिसू लागलं की दोनला दुसऱ्या कुणालाच सोडलेलं नाही, फक्त तिलाच. आधीचं जे नक्की आठवत होतं ते वेगळं लिहून 'आठवणीवरून' असं वर घातलं. वही जिनात न्यायची नाही, असं दोघांनी ठरवलं; ती घरात ज्वारीच्या कणगीमागं राहू लागली.

एकदा कोकिळानं मुकादमाला सरळ विचारलं, "मुकादम, मलेच काऊन दोनले सोडता? लेकरू उपाशी राह्यते."

"काम तसं आहे," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "जमत नसंन तं घरी बस."

हेही वहीत गेलं, त्याच शब्दांत.

माघातल्या एका संध्याकाळी शालूबाई अंगणात येऊन उभी राहिली. हातात चार बोरं होती, लेकराला. बसत नव्हती, जातही नव्हती.

"कोकिळा, मुकादमानं सांगतलं, जी तुह्यापाशी बसंन तिचं काम जाईन. मी भेली. माह्यावर दोन पोरी आहेत वं."

कोकिळानं तिचा हात धरून खाटेवर बसवलं. "मले वाटलं, तूच रागावली माह्यावर."

"मी कायले रागावू? तुह्यामुळंच तं टाकी झाकली."

दोघी रडल्या, आणि लेकरू दोघींकडं बघत बोराचा चोथा करत राहिलं.

पुंजाजी वही घेऊन आला. त्याला थांबवून कोकिळा शालूबाईला म्हणाली, "तुहं नाव लिहू का? नाही म्हनशीन तरी काही नाही. तुहं काम जाऊ नये."

शालूबाईनं वही हातानं मागं सारली. "आता नोको लिहू. सायेबानं मले इचारलं तं मी खोटं बोलनार नाही."

तेवढंच कोकिळाला पुरलं. नाव लिहिलं नाही.

आठ-दहा दिवसांनी साहेब बाराच्या सुमारास न कळवता आले. ते टाकी पाहत होते तेव्हा कोकिळा पुढं झाली. शालूबाई येऊन गेल्यापासून मंजुळाबाई रोज वही पदराखाली घेऊन लेकरासोबत फाटकावर येई. फाटकावरून तिनं ती दिली. साहेब उभ्याउभ्या वाचू लागले. मग त्यांनी कचेरीतून हजेरीचं बुक मागवलं आणि भिंतीवरच्या वेळांच्या तक्त्यापाशी गेले.

"इथं बायांची सुटी बारा ते एक लिहिली आहे. आम्हाला पाठवलेल्या तक्त्यातही तीच आहे. मग ही बाई सात वेळा दोनला कशी सुटली? सकाळी सातपासून दोनपर्यंत सात तास होतात. सहाच्या वर सुटीशिवाय काम घेता येत नाही."

हिंमतराव म्हणाला, "ही बाई खोटं लिहून आणते, साहेब."

"मग तिच्याशिवाय कुणी सांगेल?" साहेबांनी बायांना विचारलं.

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. मग शालूबाई मागून पुढं आली. 

"हाव, सायेब. खरं आहे. आमाले तिच्यापाशी बसाची मनाई केली होती."

तिच्यामागं मग सुभद्राबाई बोलली, मग आणखी एक.

साहेबांनी कारभाऱ्याला बाजूला घेऊन काय सांगितलं ते कळलं नाही. पण जाताना ते कोकिळाला म्हणाले, "काम कोणतं द्यायचं ते मालकाच्या हाती आहे. त्यात मी हात घालू शकत नाही. वेळ मात्र तक्त्याप्रमाणेच राहील."

दुसऱ्या दिवसापासून कोकिळा बाराला सुटू लागली. यंत्रावर मात्र तिला परत घेतलं नाही, सरकीच्या ढिगावरच ठेवलं. हिंमतराव मुकादम राहिलाच. कोकिळा लेकराला पाजून आली तशी शालूबाई ढिगावर येऊन बसली, तिच्यामागं दोघी-तिघी. ऊन कडक होतं. कुणी पदर डोक्यावर धरला, कुणी भाकर मोडून पुढं केली.

कापसाचा हंगाम संपला आणि शिमग्याला जिन बंद झाला. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा बाया घ्यायच्या होत्या, तेव्हा पुंजाजी मेथीची पाटी डोक्यावर घेऊन तिच्यासोबत फाटकापर्यंत आला. बाजाराला उशीर होत होता, पण कोकिळाचं नाव निघतं की नाही ते त्याला बघायचं होतं.

"तुमी जा ना," कोकिळा म्हणाली. "भाजी सुकून जाईन."

"सुकू दे."

नावं पुकारली जाऊ लागली. कोकिळाचं नाव अकरावं आलं. ती आत गेली आणि वळून पाहिलं, तर तो तसाच उन्हात उभा, एका हातानं पाटी सावरत, दुसऱ्यानं तिला जा, जा म्हणत होता.